परिचयपत्रातील आकडे : कोणते लिहावेत, कोणते लिहू नयेत



आपल्या व्यापारी घरांतून अलीकडे आहारतज्ज्ञांचा सल्ला घेण्याची पद्धत रूढ होत आहे. दिवसभर गादीवर बसणे, अनियमित जेवण आणि लग्नसराईतील पंगती यांचा परिणाम चाळिशीनंतर दिसू लागतो. मग कोणीतरी एखादे पत्रक हाती देतो. त्यावर ठळक अक्षरांत लिहिलेले असते, ‘३० दिवसांत ५ किलो’. त्याखाली दोन छायाचित्रे असतात, एक जाड माणसाचे व एक सडपातळ माणसाचे. सल्ला देणाऱ्याचे शिक्षण मात्र कोठेही सापडत नाही, आणि सापडले तरी इतक्या बारीक अक्षरांत असते की चष्मा बदलावा लागतो.

या विषयाकडे माझे लक्ष वेधले गेले ते एका प्रश्नामुळे. आमच्या परिचयातील एका भुसार व्यापाऱ्यांची सून आहारशास्त्रात पदव्युत्तर पदवीधर आहे. काही वर्षे रुग्णालयात काम केल्यानंतर तिने स्वतःचे सल्लाकेंद्र काढावयाचे ठरविले. येणाऱ्या लोकांना देण्यासाठी तिने स्वतःविषयी एक पानाचे परिचयपत्र लिहिले. त्यात शिक्षण होते, कामाची पद्धत होती. परंतु किती किलो वजन उतरेल याचा उल्लेख नव्हता. सासऱ्यांना ते पसंत पडले नाही. ते मला म्हणाले, “साहेब, पाटीवर भाव नसेल तर गिऱ्हाईक पायरी चढत नाही. हिने एकही आकडा लिहिला नाही. तुम्हीच समजावा.” सूनबाईंचे म्हणणे निराळे होते. “काका, जो आकडा माझ्या हातात नाही तो मी कसा लिहू?”

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते. ग्राहकाला आकडे हवे असतात, हे खरेच आहे. प्रश्न एवढाच की कोणते आकडे देण्याचा आहारतज्ज्ञाला अधिकार आहे. या प्रश्नाचे उत्तर सापडले तर परिचयपत्र कसे लिहावे हे जसे कळते, तसेच आपण ग्राहक म्हणून ते कसे वाचावे हेही कळते.

किलोचा आकडा का देता येत नाही

प्रथम हिशेबच मांडून पाहू. समजा, ४२ वर्षांचे एक दुकानदार आहेत. उंची १६८ सेंटिमीटर, वजन ८४ किलो. शरीराला स्वस्थ पडून असतानाही श्वास, रक्ताभिसरण इत्यादींसाठी काही ऊर्जा लागते. ती काढण्यासाठी आहारतज्ज्ञ पुष्कळदा ‘मिफ्लिन–सेंट जिओर’ हे सूत्र वापरतात. किलोतील वजनाला १० ने गुणावे, उंचीच्या सेंटिमीटरांना ६.२५ ने गुणून त्यात मिळवावे, वयाच्या वर्षांना ५ ने गुणून ते वजा करावे आणि पुरुष असल्यास शेवटी ५ मिळवावेत. आपल्या दुकानदारांसाठी ८४० अधिक १०५० वजा २१० अधिक ५, म्हणजे १६८५ किलोकॅलरी होतात. बैठ्या कामासाठी याला साधारण १.४ ने गुणतात. म्हणजे दिवसाचा एकूण खर्च सुमारे २३५० किलोकॅलरी झाला.

आता आहारतज्ज्ञांनी यातून ५०० कमी करून १८५० चा आहार ठरवून दिला असे समजू. एक किलो चरबीत सुमारे ७७०० किलोकॅलरी साठविलेल्या असतात असे धरण्याची जुनी पद्धत आहे. रोजची ५०० ची तूट महिन्याला १५,००० होते. तिला ७७०० ने भागले की जवळजवळ २ किलो येतात. वर्षाला २३–२४ किलो. पत्रक छापणाऱ्याचे गणित येथेच थांबते. आपले दुकानदार वर्षाअखेरीस ६० किलोचे होणार, असे कागदावर दिसते.

प्रत्यक्षात असे होत नाही आणि त्याची कारणे ज्ञात आहेत. पहिले कारण असे की, हे सूत्र सरासरीचे आहे. एकाच उंचीच्या, वजनाच्या व वयाच्या दोन माणसांच्या खर्चात दहा टक्क्यांचा फरक सहज असू शकतो. दहा टक्के म्हणजे येथे २३५. ज्यांचा खरा खर्च २३५० ऐवजी २११५ आहे, त्यांची तूट ५०० नसून अवघी २६५ भरते आणि त्याच गणिताने महिन्याला १ किलोच उतरतो. ज्यांचा खर्च २५८५ आहे, त्यांचे जवळजवळ ३ किलो उतरतात. दोघांनी सल्ला सारख्याच निष्ठेने पाळला, तरी एकाच्या पदरी १ आणि दुसऱ्याच्या पदरी ३. आता पत्रकावर कोणता आकडा छापावयाचा?

दुसरे कारण स्वयंपाकघरातील आहे. एक मोठा चमचा, म्हणजे १५ मिलिलिटर तेल सुमारे १२० किलोकॅलरी देते. तुपाचेही जवळपास तसेच. आपल्या घरात तेल डब्यातून कढईत ओतले जाते, मोजले जात नाही. फुलक्यांवर तूप हाताच्या अंदाजाने लावले जाते. दिवसाकाठी दोन चमच्यांचा अंदाज चुकला तर ५०० पैकी २४० ची तूट तेथेच भरून निघते. खाणाऱ्याने एकही जास्तीची पोळी खाल्लेली नसते. त्यामुळे तो प्रामाणिकपणे सांगतो की मी सर्व पाळले. आणि वजनकाटा मात्र जागचा हलत नाही.

तिसरे कारण असे की, वजन उतरले की खर्चही उतरतो. ८४ चे ७६ किलो झाल्यावर त्याच सूत्राने दिवसाचा खर्च सुमारे १०० ने कमी येतो. शिवाय अन्न कमी पडू लागले की शरीर या हिशेबापेक्षाही थोडी अधिक काटकसर करते आणि भूक वाढविते. म्हणून पहिल्या दोन-तीन महिन्यांत उतरणारे वजन पुढे मंदावते आणि एका टप्प्यावर थांबते. हे अपयश नव्हे, शरीराचा स्वभावच आहे. परंतु ज्याला दरमहा ५ किलोचे वचन दिले गेले आहे, तो तिसऱ्या महिन्यात स्वतःला दोषी समजू लागतो आणि जेवणच सोडून देतो. जे वचन मुळातच चुकीचे होते, त्याचे प्रायश्चित्त ग्राहक घेत बसतो.

वजनकाटा काय मोजतो

चौथी गोष्ट स्वतंत्रपणे सांगितली पाहिजे, कारण सर्व आकर्षक आकड्यांचे मूळ तेथे आहे. काटा शरीराचे एकूण वजन मोजतो. चरबी, स्नायू व पाणी वेगळे करून दाखवीत नाही. आपल्या यकृतात व स्नायूंत ग्लायकोजेन या रूपाने साखरेचा साठा असतो. मोठ्या माणसात तो साधारण चार-पाचशे ग्रॅम भरतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेले असते. धान्य एकदम बंद केले की काही दिवसांत हा साठा पुष्कळसा संपतो आणि त्याबरोबर पाणीही जाते. पहिल्या आठवड्यात दीड-दोन किलो केवळ यामुळे कमी दिसतात.

आपल्यापैकी ज्यांनी अठाई केली आहे त्यांना हे निराळे सांगावे लागणार नाही. आठ दिवसांत वजन भरभर उतरते आणि पारण्यानंतरच्या आठवड्यात त्यातील बराच भाग परत येतो. तपश्चर्येचा हेतू वजनाचा नसतोच, म्हणून तेथे कोणी तक्रार करीत नाही. परंतु हाच पाण्याचा खेळ ‘पहिल्याच आठवड्यात ३ किलो’ या मथळ्याखाली विकला जातो. दीर्घकाळ उपासमारीचा आहार दिला आणि त्यात प्रथिने पुरेशी नसली, तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. काट्याला तेही घटलेले वजनच दिसते. ग्राहक आनंदित होतो. पण जिना चढताना पाय भरून येतात आणि केस गळू लागतात.

म्हणूनच जाणकार आहारतज्ज्ञ वजनाबरोबर कमरेचा घेर मोजतात. भारतीयांसाठी पुरुषांत ९० सेंटिमीटर व स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा मानतात. घेर कमी होत असेल, उपाशीपोटीची साखर किंवा ट्रायग्लिसराइड खाली येत असतील, तर काटा थोडा अडला तरी काम योग्य दिशेने चालले आहे असे समजतात. वैद्यकीय मार्गदर्शनात सहा महिन्यांत मूळ वजनाच्या ५ ते १० टक्के घट हे सर्वसाधारण उद्दिष्ट मानले जाते, कारण तेवढ्यानेही रक्तदाब व साखरेवर चांगला परिणाम दिसतो. मात्र उद्दिष्ट आणि वचन यांत अंतर आहे. उद्दिष्ट त्या माणसाला तपासून, त्याच्याशी बोलून ठरविले जाते व पुढे बदलताही येते. वचन मात्र त्याला पाहण्यापूर्वीच पत्रकावर छापलेले असते.

कायद्याची बाजूही एका वाक्यात सांगतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये भ्रामक जाहिरातीची जी व्याख्या आहे, तीत सेवेविषयी खोटी हमी देणेही येते. लठ्ठपणावरील औषध म्हणून काही विकण्याची जाहिरात तर १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याच्या कक्षेत येते, कारण त्याच्या परिशिष्टात लठ्ठपणाचे नाव आहे.

जे आकडे देता येतात

मी सासऱ्यांना म्हटले, “शेठजी, आकडे लिहू या. पण जे सूनबाईंच्या हातात आहेत तेच लिहू.” असे आकडे पुष्कळ निघाले. किती वर्षे शिक्षण घेतले, रुग्णालयात किती महिने प्रशिक्षण झाले, पहिली भेट किती मिनिटांची, पुढील भेटी किती दिवसांनी, शुल्क किती. यांतील प्रत्येक आकड्याची जबाबदारी ती घेऊ शकते आणि ग्राहक तो पडताळून पाहू शकतो.

शिक्षणाच्या बाबतीत वाचकांनी थोडी माहिती ठेवावी. आपल्याकडे ‘डाएटिशियन’ व ‘न्यूट्रिशनिस्ट’ ही बिरुदे वर्षानुवर्षे कोणीही लावीत आले आहे. रीतसर मार्ग असा : गृहविज्ञान किंवा अन्न व पोषण या विषयातील पदवी, त्यानंतर त्याच विषयातील एम.एस्सी. किंवा आहारशास्त्रातील पदव्युत्तर पदविका, आणि रुग्णालयाच्या आहार विभागात काही महिन्यांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण. इंडियन डायटेटिक असोसिएशन ही या व्यवसायाची १९६३ पासूनची संस्था आहे. ती परीक्षा घेऊन ‘रजिस्टर्ड डाएटिशियन’ ही मान्यता देते, नावापुढे ‘आर.डी.’ असते ते यामुळे. २०२१ मध्ये संसदेने संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यात आहारतज्ज्ञांचा समावेश आहे.

दोन ठिकाणी गोंधळ होतो. नावामागे ‘डॉ.’ असेल तर तो वैद्यकीय पदवीचा आहे की पोषणशास्त्रातील पीएच.डी.चा, हे परिचयपत्रात स्पष्ट असावे. दोन्ही आदरणीय आहेत, परंतु पीएच.डी. झालेली व्यक्ती औषध लिहून देऊ शकत नाही. दुसरे असे की, चार-सहा आठवड्यांच्या अभ्यासक्रमाची प्रमाणपत्रे असतात. ती खोटी नसतात. पण मधुमेह किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णाचा आहार ठरविण्यास ती पुरेशी नाहीत. म्हणून ‘सर्टिफाइड’ एवढा एकच शब्द वाचून थांबू नये. कोणी प्रमाणित केले आणि किती काळाच्या शिक्षणानंतर, हे विचारावे.

आपल्या घराची पद्धत परिचयपत्रात का यावी

सूनबाईंच्या पत्रातील सर्वांत उपयुक्त परिच्छेद मला आहारनियमांविषयीचा वाटला. बाजारात मिळणारा सर्वसाधारण आहारतक्ता घ्या. सकाळी मोड आलेली मटकी, दुपारी गाजर-बीटाची कोशिंबीर, सायंकाळी मूगडाळीचा घावन व दही, रात्री आठ वाजता सूप. आपल्या अनेक घरांत यातील एकही ओळ टिकत नाही. मोड आलेले कडधान्य कित्येक जण वर्ज्य मानतात, गाजर-बीट कंदमूळ आहे, डाळीबरोबर न तापविलेले दही द्विदळाच्या नियमाने चालत नाही, आणि आठ वाजता तर जेवणाचाच प्रश्न नाही. चातुर्मासात पालेभाज्याही सुटतात. असा तक्ता हाती पडला की माणूस दोन दिवसांत तो गुंडाळून ठेवतो, आणि वर त्यालाच ‘इच्छाशक्ती नाही’ असे ऐकावे लागते.

जाणकार आहारतज्ज्ञ उलट दिशेने सुरुवात करतात. प्रथम विचारतात, घरी काय चालते व काय चालत नाही, आणि सायंकाळचे जेवण कोठे होते. दुकानदाराच्या बाबतीत हा शेवटचा प्रश्न कळीचा आहे. डिसेंबरात पुण्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि दुकानात गर्दीही त्याच वेळी असते. डबा दुकानात आला तर पावणेसहाला चार घास घाईने उरकले जातात. नाही आला तर साडेपाचला फरसाण आणि चहावर भागते. मग त्या घाईत बसेल असा डबा ठरवावा लागतो. उदाहरणार्थ, दाट डाळ, दोन फुलके व एक फळभाजी. आणि दुपारी चारला भाजलेले चणे, म्हणजे सायंकाळची भूक फरसाणावर तुटून पडणार नाही. यात कोणताही चमत्कार नाही. पण जो हे विचारीत नाही त्याचा तक्ता आपल्या घरात चालणार नाही.

डॉक्टरांकडे केव्हा पाठवितात

परिचयपत्रात ‘मी काय करीत नाही’ हा भाग असणे मला अत्यावश्यक वाटते. त्याचे कारण एका उदाहरणाने सांगतो. मधुमेहाच्या गोळ्या अनेक प्रकारच्या आहेत. त्यांतील सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्या, उदाहरणार्थ ग्लिमेपिराइड, शरीरात इन्सुलिनचे स्रवणे वाढवितात. मग पोटात अन्न असो वा नसो. असा रुग्ण चौविहार करतो, सहाला जेवतो आणि दुसऱ्या दिवशी नवकारशीनंतर, म्हणजे सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी, काही घेतो. हिवाळ्यात हे अंतर जवळजवळ चौदा तासांचे होते. त्यात आहारतज्ज्ञाने सायंकाळचे जेवण निम्मे केले आणि गोळी पूर्वीइतकीच राहिली, तर मध्यरात्री साखर धोकादायकपणे खाली जाऊ शकते. घाम फुटणे, हातांना कंप, छातीत धडधड, बोलणे असंबद्ध होणे ही त्याची चिन्हे. अशा वेळी नियम मोडतो म्हणून थांबू नये, लगेच साखर द्यावी. आणि माणूस गिळण्याच्या स्थितीत नसेल तर तोंडात काही न घालता तत्काळ रुग्णालयात न्यावे. इन्सुलिन घेणाऱ्यांनाही हीच सावधगिरी लागू आहे.

म्हणून उत्तम आहारतज्ज्ञ पहिल्या भेटीतच औषधांची यादी मागतात. आहार बदलण्यापूर्वी ‘गोळीची मात्रा व वेळ डॉक्टरांकडून ठरवून या’ असे सांगतात. स्वतः गोळी कमी करीत नाहीत. एकासणे, आयंबिल किंवा उपवास सुरू करण्यापूर्वीही तसेच. दुसरे उदाहरण मेटफॉर्मिनचे. ही गोळी दीर्घकाळ घेतल्यास शरीरातील बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते. शाकाहारात ते मुख्यतः दूध-दह्यातूनच मिळते. तेव्हा जे दहा वर्षे मेटफॉर्मिन घेतात व दूधही टाळतात, त्यांच्या पायांना मुंग्या येत असतील तर त्याचे खापर लगेच मधुमेहावर न फोडता बी-१२ तपासून घ्यावे. जाणकार आहारतज्ज्ञ ही तपासणी सुचवितात; निदान व उपचार डॉक्टरांवर सोपवितात.

परिचयपत्राचा नमुना

या सर्व चर्चेनंतर सूनबाईंनी पत्र पुन्हा लिहिले. नाव, पत्ता, विद्यापीठे व नोंदणी क्रमांक वगळून ते त्यांच्या अनुमतीने येथे देतो. इतर तरुण आहारतज्ज्ञांनाही ते उपयोगी पडावे.

“माझे शिक्षण बी.एस्सी. (अन्न व पोषण) व एम.एस्सी. (अन्नशास्त्र व पोषण) असे आहे. मी सहा महिने रुग्णालयात प्रशिक्षण घेतले व त्यानंतर तीन वर्षे रुग्णालयाच्या आहार विभागात काम केले. मी इंडियन डायटेटिक असोसिएशनची नोंदणीकृत आहारतज्ज्ञ आहे. माझा नोंदणी क्रमांक या पानाच्या तळाशी आहे. तो आपण संस्थेकडे पडताळून पाहू शकता. मी वैद्यकीय डॉक्टर नाही.

पहिली भेट ४५ ते ६० मिनिटांची असते. कृपया मागील सहा महिन्यांतील रक्ततपासण्या, चालू औषधांची यादी आणि तीन दिवस जे खाल्ले-प्यायले त्याची वेळेसह नोंद आणावी. त्या तीन दिवसांत एक सुट्टीचा दिवस असावा. घरात रोज स्वयंपाक करणारी व्यक्ती सोबत आल्यास उत्तम. वजन, उंची व कमरेचा घेर मी मोजते. आहार आपल्या घरच्या पदार्थांतूनच ठरवितो. कंदमूळत्याग, चौविहार, तिथी, चातुर्मास यांपैकी आपण जे पाळता ते आधी सांगावे. त्या मर्यादेतच मी आहार सुचविते.

पुढील भेटी दर पंधरा दिवसांनी, २० मिनिटांच्या. दर भेटीत आपण ठरविलेल्या गोष्टींपैकी किती जमल्या, कोणत्या जमल्या नाहीत व का, हे पाहून आहार बदलतो. तीन महिन्यांनी, डॉक्टरांच्या संमतीने, तपासण्या पुन्हा पाहतो.

किती दिवसांत किती किलो वजन उतरेल हे मी आधी सांगत नाही. ते वय, औषधे, झोप, हालचाल, थायरॉइडसारखे विकार आणि प्रत्यक्ष पालन यांवर अवलंबून असते आणि माणसागणिक बदलते. आपल्याला तपासल्यानंतर आपण दोघे मिळून एक उद्दिष्ट ठरवू व ते लिहून ठेवू. ते गाठले जाईलच अशी हमी मी देत नाही. योग्य माहिती, नियमित पाठपुरावा आणि जे साधत नाही ते स्पष्ट सांगणे, याची हमी देते.

मी औषधे बदलत नाही किंवा बंद करीत नाही. कोणतीही पावडर, चहा किंवा गोळी विकत नाही. कोणाचीही आधीची व नंतरची छायाचित्रे प्रसिद्ध करीत नाही. आपली माहिती आपल्या अनुमतीवाचून कोणालाही, घरातील इतरांनाही, सांगत नाही. गरोदरपण, मूत्रपिंडाचा विकार किंवा इन्सुलिनचा उपचार असल्यास मी आपल्या डॉक्टरांशी बोलूनच आहार ठरविते.

शुल्क : पहिली भेट रु. १०००, पुढील प्रत्येक भेट रु. ४००. पावती दिली जाते. अनेक महिन्यांचे शुल्क आगाऊ घेतले जात नाही.”

शेठजींनी ते दोनदा वाचले. म्हणाले, “आकडे तर बरेच झाले.” मग थोडे थांबून त्यांनी विचारले, “पण समोरचा पाच किलो लिहितो. ते वाचून काही गिऱ्हाइके तिकडे जाणारच ना?” जाणार, यात शंका नाही. आरंभीच्या काळात हे नुकसान सोसावे लागेल, हे सूनबाईंना ठाऊक आहे. मात्र पाच किलो ऐकून गेलेला ग्राहक तिसऱ्या महिन्यात, वजन थांबले की, रागावून निघून जातो. वजन थांबणार हे ज्याला आधीच सांगितले आहे, तो त्या महिन्यात कारण विचारावयास येतो. आणि खरे काम पुष्कळदा तेथूनच सुरू होते.

पैसे देण्यापूर्वी

वाचकांपैकी जे स्वतः सल्ला घेणार असतील त्यांनी चार गोष्टी विचाराव्यात. शिक्षण कोणत्या विषयात व कोठे झाले? नोंदणी आहे काय, असल्यास क्रमांक काय? माझी औषधे व तपासण्या पाहिल्याशिवाय आपण आहार देता काय? आणि सल्ल्याबरोबर काही विकत घ्यावे लागते काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ आले, तर मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णाने तेथून उठावे. चौथ्याचे उत्तर ‘होय’ आले, तर सल्ल्याची फी कमी का आहे याचा उलगडा होईल.

आणि कोणी आपल्याला पाहण्यापूर्वीच किलोचा आकडा सांगितला, तर त्याला एकच विचारावे की हा आकडा कोणाच्या शरीरावरून काढला. आपल्या शरीरावरून तर नाही, कारण ते त्याने अजून तपासलेलेच नसते.